फिकट चट्टा फोटोत दिसतो, बधिरपणा दिसत नाही

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

रविवारच्या पुरवणीतला ‘त्वचेचा डॉक्टर आता खिशात’ हा लेख वाचला. मोबाईल चट्ट्यावर धरा, फोटो काढा, निदान हातात, आणि तेही ‘नव्वद टक्क्यांहून अचूक’, असं त्यात लिहिलं आहे. लेखकाचा हेतू चांगला असेल, पण मी कुष्ठरोग तंत्रज्ञ म्हणून नोकरी केलेला माणूस आहे. घरातल्या एका पोराचा हात अशाच निदानाच्या भरवशावर वाया गेलेला मी पाहिला आहे, म्हणून हे पत्र लिहिल्याशिवाय राहवलं नाही.

आधी त्या नव्वद टक्क्यांबद्दल. अचूकता दोन बाजूंनी मोजावी लागते. ज्यांना आजार आहे त्यांच्यापैकी किती जणांना ॲपनं पकडलं, आणि ज्यांना नाही त्यांच्यापैकी किती जणांना उगाच घाबरवलं? ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये २०२० साली त्वचेच्या कर्करोगाचा धोका सांगणाऱ्या ॲपांच्या अभ्यासांचा आढावा प्रसिद्ध झाला होता. त्यात युरोपात मान्यता घेऊन विकल्या जाणाऱ्या एका ॲपनं शंभरातले ऐंशी धोकादायक डाग ओळखले. म्हणजे पाचातल्या एकाला निर्धास्त करून घरी पाठवलं. जे डाग निरुपद्रवी होते, त्यांतल्याही शंभरातल्या बावीस जणांना धोका असल्याचं सांगितलं. तेही बहुतेक तज्ज्ञांनी निवडलेल्या डागांवर, तज्ज्ञांनीच काढलेल्या फोटोंवर. स्वयंपाकघरातल्या ट्यूबलाइटखाली, हलत्या हातानं काढलेल्या फोटोचं काय होईल, ते या आकड्यांत नाही.

शिवाय हे आकडे बहुतांशी गोऱ्या कातडीचे. अमेरिकेत स्टॅनफर्डच्या संशोधकांनी २०२२ साली वेगवेगळ्या वर्णांच्या रुग्णांचे ६५६ फोटो जमवले. प्रत्येकाचं निदान त्वचेचा तुकडा काढून, तपासून पक्कं केलेलं होतं. आधी नावाजलेल्या संगणकप्रणाली त्यांनी या फोटोंवर चालवून पाहिल्या, तर त्यांची कामगिरी ठळकपणे घसरली, आणि गडद त्वचेवर जास्त घसरली. तुमचा वाचक कोणत्या वर्णाचा आहे, हे मी सांगायला नको.

आता माझ्या पुतण्याची गोष्ट. मूळ आमच्या वर्धा जिल्ह्यातला, पुण्याकडे कारखान्यात कामाला. डाव्या हातावर, कोपराच्या खाली, रुपयाएवढा फिकट चट्टा आला. खाज नाही, दुखणं नाही. खोलीतल्या मित्रानं ॲप दाखवलं. ॲपनं तीन शक्यता दिल्या, सगळ्यांत वर बुरशीचा संसर्ग. कुष्ठरोगाचं नाव त्या तिघांत नव्हतं. मेडिकलमधून एक ट्यूब आणली, तीही चिठ्ठीशिवाय मिळते ती मिश्र मलमाची, ज्यात स्टिरॉइड असतं. चट्ट्याचा लालसर काठ दबला, पोराला वाटलं उतार पडतोय. मग पुन्हा फोटो, पुन्हा तेच उत्तर, पुन्हा तीच ट्यूब. यात वर्ष गेलं.

दिवाळीत तो घरी आला तेव्हा त्याच्या डाव्या करंगळीच्या बाजूला भाजल्याचा फोड होता. कशानं भाजलं विचारलं, तर त्याला सांगता येईना. चहाचं गरम भांडं धरलं असेल म्हणाला. करंगळी भाजते आणि माणसाला पत्ता लागत नाही, हे ऐकल्यावर मी त्याला अंगणात उजेडात बसवला आणि सदरा काढायला लावला. “काका, मोबाईल तं फंगस म्हणते,” तो म्हणाला.

ही तपासणी कशी करतात, ते नीट सांगतो, कारण तुमच्या लेखात त्याबद्दल एक ओळसुद्धा नाही. कापसाचा बोळा घेऊन त्याचं टोक पिळून बारीक करायचं. आधी डोळे उघडे ठेवून रुग्णाला समजवायचं की मी जिथं टेकवीन तिथं तू बोटानं दाखव. मग डोळे मिटायला लावायचे. बोळा ओढायचा नाही, नुसता टेकवायचा. कधी चांगल्या कातडीवर, कधी चट्ट्याच्या मधोमध, क्रम बदलत. आणि ‘लागतंय का?’ असं विचारत बसायचं नाही, कारण विचारलं की माणूस हो म्हणतो. पुतण्यानं दंडावर, मनगटावर, चट्ट्याच्या बाहेर प्रत्येक वेळी बरोबर जागी बोट ठेवलं. चट्ट्याच्या मध्ये बोळा टेकवला तेव्हा त्याचं उजवं बोट हवेतच थांबलं. मी काही केलंच नाही, असं समजून तो वाट बघत होता.

मग कोपर वाकवून मागची नस बोटाखाली घेतली. दोन्ही हातांची घ्यायची असते, म्हणजे फरक कळतो, आणि दाबताना रुग्णाच्या चेहऱ्याकडे बघायचं असतं, कारण सुजलेली नस दुखते. उजवी नेहमीसारखी होती. डावी दोरीसारखी जाड लागली आणि पोराचा चेहरा कसनुसा झाला. करंगळी आणि अनामिका यांच्यामध्ये कागद धरायला सांगितला. मी ओढला तर अलगद निघून आला. पाठीवर आणखी एक चट्टा होता, त्याला स्वतःला कधी न दिसलेला. ज्या चट्ट्याचा फोटोच निघाला नाही, त्याबद्दल ॲप काय सांगणार?

दुसऱ्या दिवशी प्राथमिक आरोग्य केंद्रात नेलं. वैद्यकीय अधिकाऱ्यांनी पुन्हा सगळं तपासलं आणि निदान केलं. पाचपर्यंत चट्टे आणि एकच नस बाधित असली तर सहा महिन्यांचा बहुविध औषधोपचार, तो मोफत. आजार बरा झाला. पण नसेचं गणित वेगळं असतं. हाताची कमजोरी किंवा बधिरपणा सहा महिन्यांच्या आत लक्षात आला तर नसेची सूज उतरवणाऱ्या प्रेडनिसोलोनच्या गोळ्यांनी नस सावरण्याची चांगली शक्यता असते. उशीर होईल तसतशी ती शक्यता हातातून जाते. त्याला पकड ढिली वाटायला लागून त्याहून जास्त काळ झाला होता. आजही त्याची करंगळी बाकीच्या बोटांना चिकटत नाही आणि कारखान्यात बारीक पुर्जे धरायचं काम त्याच्याकडून काढून घेतलं आहे. तो सव्वीस वर्षांचा आहे.

कुणी म्हणेल, ॲप सुधारेल. सुधारू दे, मला आनंदच होईल. ब्राझीलमध्ये खास कुष्ठरोगासाठी अशी प्रणाली बसवण्याचा प्रयत्न झाला आहे. पण तिथं नुसत्या फोटोवर भागवलं नाही. फोटोबरोबर रुग्णाच्या तपासणीची माहिती घातली, आणि निदानाला सगळ्यांत उपयोगी ठरलेल्या गोष्टींत चट्ट्यावर गरम-थंड न कळणं ही होती. म्हणजे कुणीतरी रुग्णाजवळ बसून कातडीला हात लावलाच.

आणि सोपा आजार नाही हा. चेहऱ्यावरच्या चट्ट्यात बधिरपणा बहुधा सापडत नाही, कारण तिथं संवेदनांच्या नसा भरपूर असतात. ज्या प्रकारात जंतू सगळ्यांत जास्त असतात, त्यात ठळक चट्टा नसतोच. कातडी नुसती तुकतुकीत दिसते, कानाच्या पाळ्या जाड होतात, भुवया बाहेरच्या बाजूनं विरळ होतात. अशा वेळी पाळीतून द्रव घेऊन सूक्ष्मदर्शकाखाली बघावं लागतं. काहींना तर एकही चट्टा नसतो, फक्त नस धरलेली असते. त्यांनी फोटो कशाचा काढायचा? डॉक्टरही चुकतात, मला माहीत आहे. बिनघामाचा कोरडा चट्टा नायटा म्हणून पाठवलेले रुग्ण मी नोकरीत पाहिले आहेत. पण चुकलेल्या डॉक्टरकडे मलमानं फरक पडला नाही म्हणून रुग्ण परत जातो, तेव्हा डॉक्टर पुन्हा विचार करतो. ॲप त्याच फोटोवर तेच उत्तर देतं.

आणखी एक. केंद्रात निदान झालं की काम तिथं थांबत नाही. घरातल्या माणसांची तपासणी होते आणि ज्यांना आजार नाही त्यांना तो होऊ नये म्हणून रिफॅम्पिसिन या औषधाची एक मात्रा देतात. माझ्या भावजयीची तपासणी झाली, पुण्याच्या खोलीतल्या मुलांनाही कळवलं. मोबाईलवर ‘बुरशी’ वाचून ट्यूब लावणाऱ्याच्या घरी कोण जाणार? २००५ साली देशानं कुष्ठरोग सार्वजनिक आरोग्याची समस्या म्हणून दूर झाल्याचं जाहीर केलं, तेव्हापासून लोकांना वाटतं तो संपला. जगात दरवर्षी सापडणाऱ्या नव्या रुग्णांपैकी निम्म्याहून जास्त आजही भारतात सापडतात, आणि विदर्भ त्यात आहे.

फोटोचा उपयोग नाही असं मी म्हणत नाही. मुरुमांवर औषध लागू पडतंय का, तीळ वाढतोय का, हे महिन्या-महिन्यानं त्याच उजेडात फोटो काढून डॉक्टरला दाखवावं. फक्त फोनची चेहरा उजळ करणारी सोय आधी बंद करावी, नाहीतर फिकट चट्टा फोटोतून पुसलाच जातो.

जाता जाता, त्याच लेखाच्या खाली तुम्ही गोरेपणाच्या मलमाची पाव पानाची जाहिरात छापली आहे. त्यात काय घातलं आहे ते जाहिरातीत लिहिलेलं नाही. माझ्या पुतण्याचा चट्टा दबला तो अशाच, काय आहे ते न विचारता घेतलेल्या ट्यूबनं. आरोग्याच्या पानावर तरी हे थांबवा, ही हात जोडून विनंती.

आणि तो लेख ज्या जागी छापलात, त्याच जागी पुढच्या रविवारी एवढं छापा: अंगावर फिकट किंवा लालसर चट्टा असेल, तिथं स्पर्श कळत नसेल, घाम येत नसेल, हातातून वस्तू निसटत असेल, पायातली चप्पल नकळत गळून पडत असेल, तर फोटो काढत बसू नका. जवळच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात जा. तपासणी आणि औषध दोन्ही मोफत आहेत. गावातल्या आशाताईला सांगितलं तरी ती घेऊन जाईल.

आपला,
एक निवृत्त कुष्ठरोग तंत्रज्ञ,
हिंगणघाट, जि. वर्धा