विषय: संस्थेच्या बचत खात्याचे सन २०२४-२५ चे स्टेटमेंट नेट बँकिंगवरून अपुरे व चुकीच्या तारखांनी मिळणे, तसेच पीडीएफचा पासवर्ड न लागणे याबाबत तक्रार

प्रति,
मा. शाखा व्यवस्थापक,
डोंबिवली (पूर्व) शाखा

महोदय,

आमच्या गृहनिर्माण संस्थेचे बचत खाते आपल्या शाखेत आहे आणि खजिनदार म्हणून नेट बँकिंगवर खाते पाहण्याचा अधिकार माझ्याकडे आहे. ३१ मार्चला वर्ष संपले की चार महिन्यांत, म्हणजे ३१ जुलैच्या आत, लेखापरीक्षण उरकावे लागते. लेखापरीक्षक पहिली मागणी करतात ती वर्षभराच्या बँक स्टेटमेंटची. या एका कागदापायी यंदा जे घडले ते लिहून देत आहे. काउंटरवर तोंडी सांगून झाले, पण त्याची नोंद कुठेच झालेली दिसत नाही.

नेट बँकिंगमध्ये मी १ एप्रिल २०२४ ते ३१ मार्च २०२५ ही मुदत निवडली आणि पीडीएफ उतरवली. पहिल्या पानावर हीच मुदत ठळक छापलेली आहे. आतली शेवटची नोंद मात्र ११ फेब्रुवारीची आहे. पुढचा दीड महिना फाइलमध्ये नाहीच. आमच्याकडे देखभाल शुल्क बहुतेक सभासद यूपीआयने भरतात, त्यामुळे वर्षाच्या नोंदी भरपूर होतात. एका फाइलमध्ये ठरावीक नोंदीच बसतात असे आपल्या हेल्पलाइनवर मला सांगण्यात आले. मर्यादा असायला माझी हरकत नाही. पण ती ओलांडली गेल्याची एक ओळही स्क्रीनवर किंवा फाइलमध्ये येत नाही, हे गंभीर आहे. अशी तुटलेली फाइल आतून चोख असते. आरंभीची शिल्लक, जमा, नावे आणि अखेरची शिल्लक यांचा हिशेब बरोबर जुळतो, म्हणून कुणाला संशय येत नाही. फाइलची अखेरची शिल्लक ६,८६,५०० आणि पासबुकातली ३१ मार्चची ७,९४,१२०, हे शेजारी ठेवले तेव्हाच फरक उघड झाला. शेवटी एप्रिल ते जून, जुलै ते सप्टेंबर अशा चार तिमाही फाइली उतरवल्या आणि प्रत्येक तिमाहीची अखेरची शिल्लक पुढच्या तिमाहीच्या आरंभाशी ताडून पाहिली. मार्चअखेरीस दिलेले पण न वटलेले चेक कधी वटले हे लेखापरीक्षकांना पाहायचे असते, म्हणून एप्रिल २०२५ ची फाइलही वेगळी काढली. ‘मागील १२ महिने’ हा आपला तयार पर्याय या कामाला निरुपयोगी आहे. तो आजपासून मागे मोजतो, आणि आर्थिक वर्षासाठी तयार पर्यायच नाही.

आता पासवर्ड. ईमेलने येणाऱ्या पीडीएफसोबत सूचना असते: नावाची पहिली चार अक्षरे मोठ्या लिपीत आणि पुढे जन्मतारखेचा दिवस व महिना. व्यक्तीच्या खात्याला हे ठीक आहे. सहकारी संस्थेची जन्मतारीख कोणती? नोंदणी प्रमाणपत्रावरची तारीख घातली, फाइल उघडली नाही. हेल्पलाइनने सांगितले, सही करणाऱ्याची जन्मतारीख घाला. सह्या करणारे अध्यक्ष, सचिव आणि खजिनदार असे तिघे आहेत. तिघांच्याही तारखा चालल्या नाहीत. शाखेत येऊन नोंद पाहायला लावली तेव्हा दोन गोष्टी कळल्या. आम्ही नोंदणीप्रमाणे SHRI लिहितो, आपल्या दप्तरी नाव SHREE असे आहे, म्हणून पहिली चार अक्षरे SHRE. आणि जन्मतारीख आहे ती आमच्या माजी अध्यक्षांची, जे फ्लॅट विकून कधीच दुसरीकडे राहायला गेले. सह्यांतला बदल आम्ही ठराव व केवायसी कागदांसह दिलेला आहे. सह्या बदलल्या, पासवर्डची तारीख तशीच राहिली. म्हणजे आमच्या हिशेबाची चावी आज संस्थेबाहेरच्या माणसाचा वाढदिवस आहे! जाता जाता हेही सांगतो की दिवस आणि महिना मिळून फार तर ३६६ शक्यता होतात, आणि संस्थेचे नाव तर फाटकावरच लिहिलेले असते. या कुलपाला सुरक्षा म्हणणे अवघड आहे.

ही दुरुस्ती केलीत तरी आधी पाठवलेल्या फाइली जुन्याच पासवर्डने उघडणार, कारण तो फाइल तयार होताना तिच्यात बसतो. म्हणून संपूर्ण वर्षाच्या फाइली नव्याने हव्या आहेत. पासवर्ड घालून फाइल उघडा, प्रिंटमधून पुन्हा पीडीएफ करून ठेवा, असा तोडगा शाखेत सुचवण्यात आला. रोजच्या वापराला तो चालतो, पण अशा प्रतीत बँकेची डिजिटल सही उरत नाही आणि आमचे लेखापरीक्षक ती ग्राह्य धरत नाहीत. त्यामुळे मूळ फाइल तर जपावीच लागते, आणि तिच्या पासवर्डची नोंद वेगळी ठेवावी लागते.

सगळ्यांत जास्त मनस्ताप सीएसव्ही फाइलने दिला. ताळमेळाचा तक्ता करायला पीडीएफ कामाची नाही, म्हणून सीएसव्ही उतरवली. लिफ्टच्या कंत्राटदाराला ७ जून २०२४ ला दिलेली रक्कम एक्सेलमध्ये ६ जुलैला गेलेली दिसली. कारण असे की आपली फाइल तारीख 07/06/2024 अशी लिहिते, आणि संस्थेच्या संगणकावर, विंडोज बसवताना बऱ्याचदा राहून जाते तशी, अमेरिकी तारीखपद्धत आहे. दोनदा क्लिक करून फाइल उघडली की एक्सेल आधी महिना, मग दिवस वाचते. १ ते १२ तारखांच्या नोंदी अशा महिनोन्‌महिने विखुरतात. १ जूनची नोंद ६ जानेवारी २०२४ ला जाऊन बसली, म्हणजे आर्थिक वर्ष सुरू होण्याच्या आधी! १३ तारखेपासूनच्या नोंदी एक्सेलला तारीख म्हणून कळतच नाहीत आणि नुसता मजकूर म्हणून राहतात. रकान्यात काही तारखा उजवीकडे तर काही डावीकडे चिकटलेल्या दिसल्या की हेच झालेले असते. त्याच झटक्यात चेक क्रमांक 000457 चा 457 होतो. एकदा उलटलेल्या तारखा नंतर फॉरमॅट बदलून सरळ होत नाहीत. फाइल न उघडता एक्सेलच्या Data विभागातून आत घ्यावी लागते, तारखेचा रकाना DMY आणि चेक क्रमांकाचा Text असे सांगून. मला हे जमले. उद्या माझ्या जागी येणाऱ्या सभासदाला जमेलच असे नाही. आणि मुळात हे त्याच्यावर पडावे कशाला? आपल्याच पीडीएफमध्ये तारीख 07-Jun-2024 अशी छापलेली असते. तीच सीएसव्हीतही लिहिली तर दिवस-महिन्याची अशी अदलाबदल होणारच नाही.

तरी विनंती की, आमच्या खात्यावरील संस्थेचे नाव व पासवर्डसाठीची तारीख नोंदणी प्रमाणपत्राप्रमाणे दुरुस्त करून तसे लेखी कळवावे आणि सन २०२४-२५ चे संपूर्ण, डिजिटल सहीचे स्टेटमेंट विनाशुल्क द्यावे. नोंदींच्या मर्यादेचा इशारा, आर्थिक वर्षाचा पर्याय आणि सीएसव्हीतील तारखेचे स्वरूप या तीन बाबी आपल्या तांत्रिक विभागाकडे पाठवून त्यांचा तक्रार क्रमांक मला द्यावा. ३० दिवसांत उत्तर न आल्यास रिझर्व्ह बँकेच्या लोकपालांकडे cms.rbi.org.in वर तक्रार नोंदवण्याचा ठराव व्यवस्थापक समितीने केला आहे. त्याची प्रत सोबत जोडली आहे. तुटलेल्या पीडीएफचे पहिले व शेवटचे पान, पासबुकाचे मार्चचे पान आणि नोंदणी प्रमाणपत्राची प्रतही जोडली आहे.

आपला,
खजिनदार
(संस्थेच्या व्यवस्थापक समितीकरिता)