सूचना : अनोळखी नंबर कसा तपासावा

सर्व सभासदांना नमस्कार.

“आज रात्री वीज तोडणार, या नंबरवर फोन करा” असे मेसेज फोंडा भागात आपल्या काही सभासदांना आले आहेत. रविवारी सायंकाळी ५ वाजता सोसायटीच्या हॉलमध्ये नंबर तपासून दाखवणार आहोत. मोबाईल आणि आलेला मेसेज घेऊन या. मेसेज डिलीट करू नका.

तोवर घरीही पाहता येईल. cybercrime.gov.in या सरकारी पोर्टलवर Report and Check Suspect हा भाग आहे. तिथे मेसेजमध्ये दिलेला नंबर टाका. मेसेज ज्या नंबरवरून आला तो बहुधा वेगळा असतो, तोही टाका. त्यांच्याविरुद्ध तक्रार नोंदलेली असेल तर कळते.

काहीच सापडलं नाही, तर मात्र निर्धास्त होऊ नका. फसवणूक करणारी ही मंडळी सिम सतत बदलतात, आणि नव्या नंबरवर तक्रार कुठून असणार? ट्रूकॉलरवर ‘वीज खाते’ असं नाव दिसलं तरी तो पुरावा नव्हे, ते नाव लोकांनीच दिलेलं असतं. थकबाकी खरी आहे का, हे बिलावरच्या ग्राहक क्रमांकाने वीज खात्याच्या कार्यालयात विचारा.

पैसे गेले नसतील तर sancharsaathi.gov.in वरील ‘चक्षू’मध्ये तो नंबर कळवा. पैसे गेले असतील तर तिथे वेळ घालवू नका, लगेच १९३० ही सायबर फसवणुकीची हेल्पलाईन लावा.

सभासदांनी असे नंबर ग्रुपवर फॉरवर्ड करू नयेत. कोणीतरी चुकून लावतोच.

— सचिव