सोळा हजार भरले, तरी थकबाकीदार?

प्रति,
कंपनी सचिव

विषय : 200 शेअर्सवरील खोटी थकबाकी आणि जप्तीची नोटीस

काल दुपारी तुमच्या कार्यालयाशी माझं पाचवं बोलणं झालं. आता फोन बंद, हे कागदावर.

तुमच्या माहितीपत्रकाप्रमाणे शंभर रुपयांच्या शेअरवर अर्जाबरोबर 30, वाटपाला 30, आणि पुढच्या दोन मागण्यांना, म्हणजे पहिल्या कॉलला 20 आणि शेवटच्या कॉलला 20 असे भरायचे होते. मी 300 शेअर्स मागितले आणि अर्जाबरोबर 9,000 रुपये भरले. अर्ज जास्त आले, म्हणून तुम्ही तिनास दोन या प्रमाणात मला 200 दिले. त्याबद्दल माझी तक्रार नाही. शेजारच्याला तर एकही शेअर मिळाला नाही, पण त्याची पूर्ण रक्कम त्याच्या खात्यात परत आली.

माझ्या 200 शेअर्सचे अर्जाचे झाले 6,000. उरले 3,000. तुमच्याच वाटपपत्रात लिहिलं आहे की जादा रक्कम परत न करता वाटपाच्या रकमेत वळती केली जाईल. वाटपाचे 6,000 व्हायचे, त्यातले हे 3,000 आधीच तुमच्याकडे होते, म्हणून पत्रातही उरलेले 3,000 च मागितले. ते मी 15 जूनच्या आत आर्वीच्या बँकेतून भरले. सप्टेंबरात पहिल्या कॉलचे 4,000 भरले. दोन्ही पावत्या सोबत जोडल्या आहेत.

आता नोव्हेंबरात नोटीस येते की वाटपाचे 3,000 बाकी, त्यावर पाच महिन्यांचं 18 टक्क्यांनी 225 रुपये व्याज, आणि चौदा दिवसांत भरलं नाही तर शेअर्स जप्त!

पहिल्या फोनवर सांगितलं, "तुमचे जादा पैसे वळते झाले." दुसऱ्यावर सांगितलं, "रिफंड पाठवला." मी पासबुक उघडून बसलो होतो, त्यात अर्ज भरल्यापासून तुमच्याकडून एक रुपया जमा नाही. पाठवला असेल तर कोणत्या तारखेला, कोणत्या खात्यात? यावर उत्तर नाही. वळते केले असतील तर बाकी कसली? यावरही नाही. एकच पैसा परतही गेला आणि वळताही झाला, असा हिशोब मी आजवर पाहिला नव्हता.

आणि मग कालचा फोन. घरात रेंज येत नाही, म्हणून मी कडुनिंबाखाली खुर्ची टाकून बसलो होतो. बाईंनी आधी फोलिओ क्रमांक तीनदा विचारला. मग म्हणाल्या, "काका, तुम्हाला अलॉटमेंट समजत नाही का? सिस्टीममध्ये कॉल्स इन अरिअर्स, म्हणजे थकबाकी दाखवतंय." मी म्हटलं, "बाई, वाटपाची रक्कम आणि कॉल या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आधी माझी जादा रक्कम कुठं जमा केली ते बघा." तर म्हणाल्या, "घरात कोणी शिकलेलं असलं तर त्याला फोन द्या नं."

त्यांना माहीत नसेल, मी बावीस वर्षं सेवा सहकारी सोसायटीचा गटसचिव होतो. साडेतीनशे सभासदांची खाती हातानं लिहिली, आणि कोणाच्या खात्यात जास्त आलेली रक्कम कधी थकबाकी म्हणून दाखवली नाही. म्हणून घरात शिकलेलं कोणी आहे का, हे त्यांना सांगावं की नाही, या विचारात मी होतो तोवर फोन कटला. रेंज होती, फोन त्यांनीच कापला.

साधा पडताळा देतो. आतापर्यंत प्रत्येक शेअरवर तुम्ही मागितले 30, 30 आणि 20, म्हणजे 80. 200 गुणिले 80, सोळा हजार. मी भरले 9,000, 3,000 आणि 4,000, म्हणजे सोळा हजार. यात बाकी कुठं आहे ते तुमच्या सिस्टीमनं दाखवून द्यावं. की तिलाही शिकलेलं कोणी हवं?

व्याजाचंही तसंच. तुमच्या नियमावलीत कंपनी कायद्यातला नमुना नियमांचा तक्ता एफ जसाच्या तसा घेतलेला आहे, प्रत माझ्याजवळ आहे. त्यात थकीत रकमेवर जास्तीत जास्त 10 टक्के व्याज आहे, ते संचालक माफही करू शकतात. खरी बाकी असती तरी 125 झाले असते, 225 नव्हे. आणि जप्तीची मुदत नोटीस पोचल्यापासून किमान चौदा दिवस हवी. तुमची नोटीस नवव्या दिवशी माझ्या हातात पडली आणि मुदत मात्र कागदावरच्या तारखेपासून मोजली आहे.

शेअर्स जप्त झाले तर माझे सोळा हजार तुमच्याकडेच राहतील. सोयाबीनचे पैसे होते ते. आपल्या तालुक्यात जिनिंग उभी राहते म्हणून भरले, नाहीतर एफडी होतीच. माझं ऐकून आमच्या गावातल्या अकरा जणांनी अर्ज केले होते. शेवटच्या कॉलच्या वेळी ते मला विचारणार आहेत.

जप्तीची नोटीस लेखी मागे घ्या. माझ्या खात्याचा उतारा पाठवा, त्यात जादा 3,000 कोणत्या तारखेला वाटपाकडे वर्ग केले ते दिसू द्या. नोंदच झाली नसेल तर आता करा, आणि थकबाकी व व्याज दोन्ही शून्य करा. सात दिवसांत उतारा आला नाही तर हेच पत्र आणि पावत्या कंपनी निबंधकांकडे जातील, आणि वार्षिक सभेत मी स्वतः येऊन वाचीन. पुन्हा फोन करू नका.

तुमचा 200 शेअर्सचा भागधारक,
ता. आर्वी, जि. वर्धा