4 जून 2024 रोजी माझे निफ्टी फ्युचरचे चारही लॉट परस्पर विकल्याबाबत तक्रार

कोल्हापूर, दि. 12 जून 2024

प्रति,
तक्रार निवारण अधिकारी,
मुख्य कार्यालय, मुंबई

विषय : दिवसाच्या मध्यात मार्जिन वाढवून केलेला सक्तीचा स्क्वेअर ऑफ आणि त्यापोटी भरपाईची मागणी

महोदय,

गेली नऊ वर्षे मी तुमच्या ब्रोकिंग कंपनीमार्फत ट्रेडिंग करतो. शिरोली एमआयडीसीजवळ माझे नट-बोल्ट आणि हार्डवेअरचे दुकान आहे. फ्युचरमध्ये मी फार मोठा नाही, पण नवखाही नाही, आणि आजवर माझ्या खात्यावर एकदाही मार्जिनची थकबाकी राहिलेली नाही. हे आधी सांगतो, कारण तुमच्या शाखेतून मला मिळालेल्या उत्तराचा सूर असा होता की, मला फ्युचरमधली जोखीम कळलीच नव्हती. जोखीम मला कळते. 4 जूनला बाजार पडून जो तोटा झाला तो माझा आहे आणि त्याचा एक रुपयाही मी तुमच्याकडे मागत नाही. मी मागतो ते तुमच्या निर्णयाने झालेल्या नुकसानाचे.

घडले ते क्रमाने लिहितो. आकडे समजायला सोपे जावेत म्हणून भाव शंभरात आणि रकमा हजारात गोल केल्या आहेत. नेमके आकडे सोबतच्या काँट्रॅक्ट नोट आणि लेजरमध्ये आहेत.

शुक्रवार, 31 मे रोजी मी निफ्टी जून फ्युचरचे चार लॉट 22,600 च्या भावाने घेतले. लॉट 25 चा, म्हणजे एकूण 100 नग. भाव एक पॉइंट हलला की माझे शंभर रुपये हलतात. लॉटमागे 72,000 म्हणजे एकूण 2,88,000 रुपये मार्जिन, म्हणजे पोझिशन धरण्यासाठीची अनामत, लागत होते. खात्यात रोख 1,80,000 होते आणि तारण म्हणून प्लेज केलेल्या शेअरची हेअरकट, म्हणजे सुरक्षेसाठीची कपात, वजा जाता किंमत 2,70,000 होती. सोमवारी, 3 जूनला, एक्झिट पोलच्या जोरावर बाजार उसळला आणि फ्युचर 23,300 वर सेटल झाले. 700 पॉइंटचे 70,000 रुपये एमटीएम, म्हणजे रोजच्या भावफरकाचा, नफा म्हणून जमा झाले. म्हणजे 4 तारखेच्या सकाळी रोख 2,50,000 आणि प्लेजसह एकूण 5,20,000 रुपये माझ्या नावावर होते. गरज 2,88,000 ची. ही काही काठावरची पोझिशन नव्हती.

एमटीएमचा हिशेब आदल्या दिवशीच्या सेटलमेंट भावापासून सुरू होतो, माझ्या खरेदीच्या भावापासून नाही. म्हणून 4 तारखेला बाजार कोसळू लागला तेव्हा माझा तोटा 23,300 पासून मोजला जात होता, आणि तो प्लेजमधून नाही तर थेट रोखीतून वजा होत होता. हा नियम मला माहीत आहे आणि मान्यही आहे. साडेअकरा-पावणेबाराच्या सुमारास फ्युचर 22,000 च्या आसपास आले. 1,300 पॉइंट गेले, म्हणजे 1,30,000 रुपये. उरले एकूण 3,90,000. सकाळचे मार्जिन कायम राहिले असते तर अजूनही एक लाखाच्या वर शिल्लक होती आणि मला मेसेज पाठवायचे कारणच नव्हते.

पण 11 वाजून 41 मिनिटांनी मेसेज आला : मार्जिनमध्ये 30,000 रुपयांची कमतरता, त्वरित भरणा करा. दुकानात तेव्हा एका फौंड्रीचा माणूस अँकर बोल्टची यादी घेऊन उभा होता. त्याला थांबवून मी ॲप उघडले. लॉटमागचे मार्जिन 72,000 चे 1,05,000 झालेले दिसले. चार लॉटचे 4,20,000. भाव पडल्यामुळे माझे पैसे वरून कमी होत होते आणि त्याच वेळी गरज खालून 1,32,000 रुपयांनी वाढवली गेली होती. ही वाढ सकाळी नव्हती, आदल्या संध्याकाळीही नव्हती, आणि तिची सूचना कोणत्याही मेसेजमध्ये नाही. 4 जूनला मतमोजणी आहे हे निवडणूक आयोगाने 16 मार्चलाच जाहीर केले होते. त्या दिवसासाठी जास्त मार्जिन ठेवायचे तुमच्या आरएमएस, म्हणजे जोखीम नियंत्रण, विभागाने ठरवले असेल, तर ते शनिवारी-रविवारी सांगता आले असते. मी त्याच वेळी पैसे भरले असते किंवा दोन लॉट स्वतः कमी केले असते.

मागितले होते 30,000. बाजार अजून पडेल म्हणून मी 1,00,000 पाठवले. बँकेतून रक्कम वजा झाली 11 वाजून 57 मिनिटांनी. तुमच्या ॲपवर मात्र ‘प्रक्रियेत’ एवढेच दिसत राहिले. मी शाखेत फोन लावला, तिसऱ्या वेळी लागला. डीलरने व्यवहार क्रमांक लिहून घेतला आणि म्हणाला, “साहेब, पैसे निघालेत ना, मग काळजी करू नका.” 12 वाजून 11 मिनिटांनी चारही लॉट मार्केट ऑर्डरने 21,400 ला विकले गेले. माझे एक लाख लेजरला दिसले 12 वाजून 34 मिनिटांनी, पोझिशन संपल्यानंतर 23 मिनिटांनी.

आता 12 वाजून 11 मिनिटांचा हिशेब तुम्हीच तपासून पाहा. 23,300 पासून 1,900 पॉइंट म्हणजे 1,90,000 रुपये गेले. 5,20,000 मधून उरले 3,30,000. सकाळच्या दराने लागणारे 2,88,000 तेव्हाही पूर्ण होते. तुमच्या वाढीव दराने 90,000 कमी पडत होते, आणि माझे 1,00,000 चौदा मिनिटांपूर्वी बँकेतून निघालेले होते. ते धरले तर कमतरता शून्य. बरे, ते धरले नाहीत असे मानू. तरी एक लॉट विकला असता तर गरज 4,20,000 वरून 3,15,000 वर आली असती, आणि माझ्याकडे 3,30,000 होते. एक लॉट पुरेसा होता. उरलेले तीन का विकले, याचे उत्तर मला आजवर कुणी दिलेले नाही.

6 जूनच्या ईमेलमध्ये तुम्ही दोन कारणे दिलीत. पहिले, एक्स्चेंजने मार्जिन वाढवल्यामुळे पीक मार्जिनचा, म्हणजे दिवसातल्या सर्वाधिक गरजेवर मोजलेल्या कमतरतेचा, दंड टाळण्यासाठी पोझिशन काढावी लागली. हे मला पटत नाही. क्लिअरिंग कॉर्पोरेशन दिवसात अनेकदा स्पॅनच्या, म्हणजे मार्जिन ठरवणाऱ्या, फाइली नव्याने काढते आणि चढउतार वाढले की त्यातले मार्जिन वाढते, हे खरे. पण दिवसभरात पोझिशनचे जे अचानक स्नॅपशॉट घेतले जातात, त्यांना मार्जिन कोणत्या दराने लावायचे हे सेबीने मे 2022 च्या परिपत्रकात स्पष्ट केले आहे : दिवसाच्या सुरुवातीला ठरलेल्या दराने. हा नियम 1 ऑगस्ट 2022 पासून लागू आहे. नेमकी हीच अडचण दूर करण्यासाठी तो आणला गेला, कारण सकाळी पुरेसे मार्जिन भरलेला ग्राहक दुपारी आपोआप कमतरतेत जात होता. त्या दराने माझ्याकडे कमतरता नव्हती, मग दंड कशाचा? दिवसअखेरीचा हिशेब वेगळा असतो, पण तुम्ही दिवसअखेरीची वाटच पाहिली नाही. एक्स्चेंजपेक्षा जास्त मार्जिन मागण्याचा अधिकार तुम्हाला तुमच्या जोखीम धोरणानुसार असू शकतो. तसे असेल तर ती वाढ तुमची होती, एक्स्चेंजची नव्हती, आणि ग्राहकाला तसेच कळवायला हवे होते.

दुसरे कारण, खात्यात रोख कमी होती. हे अर्धे खरे आहे. मार्जिनचा निम्मा भाग रोखीत असावा लागतो, आणि एमटीएम वजा जाता माझी रोख त्या क्षणी 60,000 वर आली होती. सकाळच्या दराने 1,44,000 हवी होती, म्हणजे 84,000 कमी. पण तुमच्याच दरपत्रकात लिहिले आहे की एकूण मार्जिन पुरेसे असून फक्त रोख कमी असेल तर कमी रकमेवर दिवसाला 0.05 टक्के व्याज लागेल. 84,000 वर ते 42 रुपये होते. माझ्या खात्यावर हे व्याज यापूर्वी दोनदा लावले गेले आहे आणि मी ते भरले आहे. त्या दोन्ही वेळी माझी पोझिशन कुणी विकली नव्हती.

त्या दिवशी निफ्टीचा नीचांक 21,281 होता आणि बंद 21,884 ला झाला. दुसऱ्या दिवशी, 5 जूनला, निफ्टी 22,620 वर बंद झाला, म्हणजे फ्युचरमधल्या माझ्या खरेदीच्या भावाजवळ. 7 जूनला तो 23,290 वर होता, निकालाआधीच्या पातळीच्याही थोडा वर. मला हे आधी माहीत होते असा माझा दावा नाही. बाजार अजून खालीही गेला असता आणि मग माझा तोटा वाढला असता. तो मी भरला असता. पण ती पोझिशन ठेवायची की सोडायची हे ठरवण्याइतके पैसे मी भरले होते, म्हणून तो निर्णय माझा होता. 4 तारखेच्या बंद भावालाही, माझे एक लाख धरून, रोख दोन लाखांच्या आसपास राहिली असती.

माझी मागणी तीन अनावश्यक विकलेल्या लॉटची आहे. 75 नग, 21,400 ऐवजी दुसऱ्या दिवशीच्या बंदच्या आसपासचा 22,600 हा भाव धरून, नगामागे 1,200 रुपये, एकूण 90,000 रुपये. 7 जूनचा भाव धरून मी रक्कम फुगवलेली नाही. पैसे वाटेत असताना चौथा लॉटही विकायला नको होता असे माझे मत आहे, पण त्याचा वाद मी घालत नाही.

त्याबरोबर मला लेखी हवे आहे : मार्जिन किती वाजता, कुणाच्या आदेशाने आणि धोरणातल्या कोणत्या कलमाखाली वाढवले, 11 वाजून 57 मिनिटांचे पैसे पेमेंट गेटवेकडून तुमच्याकडे नेमके कधी पोहोचले, आणि एकाऐवजी चारही लॉट निवडणारी ऑर्डर प्रणालीने दिली की माणसाने. डीलरशी झालेल्या बोलण्याचे रेकॉर्डिंग जपून ठेवावे. ते तुमच्या रेकॉर्ड केलेल्या लाइनवरच झाले आहे.

21 दिवसांत समाधानकारक उत्तर मिळाले नाही तर मी सेबीच्या स्कोअर्स पोर्टलवर तक्रार नोंदवीन आणि गरज पडल्यास स्मार्ट ओडीआर या ऑनलाइन वादनिवारण पोर्टलमधून लवादाकडे जाईन. सोबत 31 मे आणि 4 जूनच्या काँट्रॅक्ट नोट, लेजर, बँकेच्या नोंदीची प्रत आणि 11 वाजून 41 मिनिटांच्या मेसेजचे व ॲपमधल्या मार्जिनच्या पानाचे स्क्रीनशॉट जोडले आहेत. उरलेले प्लेज शेअर सोडवण्याची विनंती मी 10 तारखेला टाकली आहे. या तक्रारीच्या निमित्ताने ती अडवून ठेवू नये.

आपला,
ग्राहक (ग्राहक क्रमांक व सही सोबतच्या अर्जावर)