विनातारण कर्ज अडते ते घरखर्चापाशी

मा. संपादक,
स. न. वि. वि.

तारण नाही म्हणून बँकेने मशीनचे कर्ज नाकारले, अशी तक्रार छोट्या कारखानदारांकडून नेहमी ऐकू येते. मुद्रा योजनेत 10 लाखांपर्यंत तारण लागतच नाही. फाइल अडते ती हप्त्याच्या हिशेबात, आणि तो अर्ज करण्याआधी घरीच मांडून पाहता येतो.

समजा, साडेसात लाखांचे लेथ मशीन घ्यायचे आहे. दीड लाख स्वतःचे, सहा लाख कर्ज, व्याज 12 टक्के, मुदत 5 वर्षे. महिन्याचा हप्ता साधारण 13,350 रुपये, म्हणजे वर्षाला 1 लाख 60 हजार. प्रकल्प अहवालात व्याज व घसारा वजा जाऊन नफा 1 लाख 20 हजार दाखवला आहे. घसारा हा कागदावरचा खर्च, पैसा हातातच राहतो, म्हणून त्याचे 1 लाख 12 हजार बँक परत मिळवते. व्याज हप्त्यात धरलेलेच असते, म्हणून पहिल्या वर्षाचे 67 हजारही मिळवते. बेरीज जवळपास 3 लाख. तिला वर्षाच्या हप्त्याने भागले की गुणोत्तर 1.87 येते. बँका साधारण 1.25 ते 1.50 मागतात, म्हणजे प्रकरण भक्कम वाटते.

पण मालकाला पगार नसतो, घर याच पैशावर चालते. दरमहा 10 हजार उचल धरली तर उरतात 1 लाख 80 हजार आणि गुणोत्तर येते 1.12. दुचाकीचा हप्ता चालू असेल तर आणखी खाली. इथे कर्जाची रक्कम कमी करण्याआधी मुदत 7 वर्षे मागून पाहावी. वर्षाचा हप्ता 1 लाख 27 हजारांवर येतो आणि गुणोत्तर 1.41 होते. एकूण व्याज जास्त जाते, हे मात्र लक्षात ठेवावे.

हे आकडे कागदांवर टिकले पाहिजेत. उद्यम नोंदणी, पॅन, आधार, जागेचा भाडेकरार आणि मशीनचे जीएसटी क्रमांक असलेले कोटेशन बहुतेकांकडे असते. गफलत होते ती आयकर विवरणपत्र, जीएसटी विवरणपत्र आणि बँकेचे 12 महिन्यांचे स्टेटमेंट यांच्या मेळात. विवरणपत्रात विक्री 14 लाख आणि खात्यात जमा 6 लाख, असे दिसले की अधिकारी 6 लाखच खरे धरतो. रोखीची विक्री खात्यात भरलीच नाही, तर ती झाली हे सिद्ध कसे करणार? म्हणून अर्जाआधी निदान वर्षभर रोज नाही तर आठवड्याला गल्ला खात्यात भरावा. चेक परत गेल्याच्या नोंदीही याच स्टेटमेंटमध्ये दिसतात आणि त्यांचा जाब विचारला जातो.

आणखी एक गैरसमज आहे. अशा विनातारण कर्जामागची सरकारी हमी बँकेचे नुकसान भरून देण्यासाठी असते. कर्जदाराचे देणे तिने माफ होत नाही.

नकार मिळालाच तर कारण लेखी मागावे आणि गुणोत्तर किती काढले, त्यात घरखर्च किती धरला, हे विचारावे.

आपला,
एक वाचक, कोल्हापूर