सीबीएसजवळच्या टायपिंगवाल्या काकांना

आदरणीय काकांना,
स. न. वि. वि.

कोर्टाच्या बाजूला छत्रीखाली बसता तुम्ही. मी म्हणजे जून २०२४ मध्ये भिजलेली पिशवी घेऊन आलेली, शिवणकामाच्या गाळ्याची बाई. तुम्हाला आठवणार नाही, पण आमची अनामत परत मिळाली ती तुमच्यामुळे.

गाळा सोडायचा म्हणून मी एप्रिलपासून दोन पत्रं दिली होती. मालकांच्या ऑफिसात दर वेळी एकच उत्तर मिळायचं, "मॅडम, तुमची नोटीस फाइलला नाही." वर पुढचं भाडं मागत होते ते होतेच. ओळखीच्या एका वकिलांनी चार पानी मसुदा व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवला आणि पुन्हा फोन उचलला नाही. असो.

तुम्ही माझ्या जुन्या पत्रांच्या झेरॉक्स बघितल्या आणि मजकूर न वाचताच म्हणालात, "सापडणार नाहीतच." पहिल्याचा विषय होता 'विनंती अर्ज'. "विनंती कसली ते आतलं वाचल्याशिवाय कळतंय का? आवकवाला आत वाचत नाही. विषयाची ओळ रजिस्टरात उतरवतो आणि पत्र पुढे टाकतो." दुसऱ्याचा विषय होता 'गळती, भाडे व डिपॉझिटबाबत'. ते गेलं असेल दुरुस्तीच्या फाइलला, असं तुम्ही म्हणालात. खरंच तिथेच निघालं, काका! एक कागद एकाच फाइलला लागतो आणि पहिला शब्द गळती होता.

मग तुम्ही एकच ओळ टाइप केलीत: 'विषय : गाळा क्र. ७ चा लिव्ह अँड लायसन्स करार दि. ३१ जुलै २०२४ रोजी संपुष्टात आणत असल्याची नोटीस.' कोणती जागा, काय करायचंय, कधीपासून, सगळं त्यात आलं. 'मिळणेबाबत विनंती' मी घालायला सांगत होते, ते तुम्ही घालू दिलं नाहीत. करारात एक महिन्याची नोटीस देऊन सोडायची मुभा आहे, मग परवानगी मागितल्यासारखं लिहिलं की समोरचा 'मंजूर नाही' म्हणायला मोकळा. डिपॉझिटचं पत्र वेगळं द्यायला लावलंत, त्याच्या संदर्भात या नोटिशीचा क्रमांक टाकून.

संदर्भात आधी नोंदणीकृत कराराचा दस्त क्रमांक आणि तारीख, शेजारी नोटिशीच्या कलमाचा क्रमांक. त्याखाली माझी दोन्ही पत्रं, तारीख आणि त्यांच्याच शिक्क्यावरच्या आवक क्रमांकासह. "आपला नंबर आपल्याला शोधायला, त्यांचा नंबर त्यांना शोधायला." तरी डावीकडे वर माझाही जावक क्रमांक टाकलात, १/२०२४-२५. मी हसले, माझं कसलं ऑफिस! तुम्ही म्हणालात, वहीत एक ओळ लिहून ठेवा, झालं ऑफिस.

पण मनात राहिलंय ते वेगळंच. पान टाइप होऊन निघालं, मी पैसे काढले, आणि तुम्ही कागद परत ओढून घेतलात. डावा समास दोन बोटं दुमडून बघितलात आणि म्हणालात, "पंचिंग मशीनचं भोक इथे पडेल. दस्त क्रमांकाचा पहिला आकडा जाईल." माझ्या जुन्या पत्रावर नेमकं तेच झालं होतं, हे मला नंतर दिसलं. गाळा क्रमांकाच्या जागी गोल भोक! तुम्ही अख्खं पान पुन्हा टाइप केलंत, समास वाढवून, वर उजवीकडे आवकच्या शिक्क्यापुरती जागा कोरी ठेवून. मागे तीन माणसं पावसात उभी होती. दुसऱ्या पानाचे पैसे घेतले नाहीत. ज्यांना आम्ही वर्षानुवर्षं भाडं दिलं त्यांनी एक कागद धड ठेवला नाही, आणि तुम्ही ओळख ना पाळख...

शेवटी मी 'कळावे, लोभ असावा' लिहिलं होतं. तुम्ही त्यातलं 'लोभ असावा' खोडलंत. "नोटिशीत लोभ नको." खाली 'आपली विश्वासू', सहीखाली पूर्ण नाव आणि 'लायसन्सी, गाळा क्र. ७'. मग 'सोबत : कराराची छायांकित प्रत' आणि पानं किती तेही. एखादं पान गळलं तर मोजून कळावं म्हणून.

२८ जूनला पत्र दिलं. पोच नुसत्या सहीवर घ्यायची नाही, आपल्या प्रतीवर शिक्का, तारीख आणि आवक क्रमांक तिन्ही घेऊनच निघायचं, हे तुम्ही बजावलं होतं. काउंटरवरचा मुलगा सही करून प्रत परत द्यायला लागला तशी मी तिथेच उभी राहिले. त्याने शिक्का शोधला. ऑगस्टमध्ये पुन्हा "नोटीस नाही" सुरू झालं तेव्हा मी फक्त तो आवक क्रमांक वाचून दाखवला. पाच मिनिटांत फाइल टेबलावर आली.

तुमच्याकडे पेढे घेऊन आले होते, त्या दिवशी छत्री बंद होती. म्हणून हे पत्र. डावीकडे समास भरपूर सोडलाय.

कळावे, लोभ असावा.

आपली,
गाळा क्र. ७ वाली (माजी)