आप्पा, बुरुज अजून वाकडाच आहे

आप्पा, रामराम.

तुम्ही वीटभट्टीवर परत गेलात आणि आभार मानायचे राहूनच गेले. नातवाकडून हे वाचून घ्या.

पोरांना यंदा दिवाळीत धुळ्याजवळचा लळिंग किल्ला करायचा होता, आग्रा रोडवरून दिसतो तसा. सोसायटीतले एक पदाधिकारी म्हणाले, "पार्किंगमध्ये चिखल कशाला? प्लास्टरचा आयता किल्ला मिळतो." दुसऱ्या एका गृहस्थांनी शेतातली काळी माती आणून टाकली, "सोनं आहे" म्हणत. कपाशीला असेल सोनं! दगडांवर थापली आणि ऑक्टोबरच्या उन्हात दुसऱ्याच दिवशी हातभर भेगा पडल्या. तटावरचे दोन मावळे भेगेत गेले, लेक रडायला लागली. ते गृहस्थ तोवर फोन उचलेनासे झाले होते.

तुम्ही शेजारच्या बांधकामावर विटा उतरवायला आला होतात. भेगेत बोट घालून म्हणालात, काळी माती पाणी पिऊन फुगते, वाळली की आकसते. खालचा दगड काही आकसत नाही, मग ती फाटणारच. एक घमेलं काळी माती, दोन घमेली चाळलेली वाळू आणि ओंजळभर गव्हाचा भुसा तुडवून रात्रभर ओल्या गोणपाटाखाली ठेवायला लावलंत. सकाळी आधी त्याचा लाडू वळून उन्हात ठेवला. त्याला भेग गेली, तेव्हा आणखी थोडी वाळू घातलीत. दुसरा लाडू अखंड राहिला, मगच किल्ल्याला हात लावलात. दगडांवर चिखलात बुडवलेलं गोणपाट, त्यावर बोटभराचाच थर. जाड थर वरून वाळतो, आतून ओला राहतो आणि पुन्हा फाटतो, हे आम्हाला कुठलं ठाऊक!

पण मला आठवतं ते वेगळंच. लेकीने एक बुरुज केला होता, कलंडलेला, खरं तर मातीचा गोळाच. मी तो काढायला गेले, तर तुम्ही हात आडवा घातलात. "हाऊ बुरुज पोरना शे. याले हात नका लावू." आणि सरळ येणारी तटबंदी तुम्ही त्याच्या भोवतीने वळवलीत. त्यावर भालेवाला मावळा उभा राहीना, तर ओल्या मातीत त्याची बैठक अंगठ्याने दाबून दिलीत. मजुरीचं विचारलं तर चहा मागितलात, तोही अर्धा कप.

माणूस ओळखायला पद लागत नाही, आप्पा. आमच्या पदाधिकाऱ्यांनी लक्ष्मीपूजनाला त्याच किल्ल्यासमोर फोटो काढले.

अळीव तुम्ही सांगितलं तसंच वाळूत मिसळून पेरलं, मातीआड केलं नाही, पाणी हातानेच शिंपडलं. चौथ्या दिवशी डोंगर हिरवा झाला. आता ते पिवळं पडलंय, तरी लेक किल्ला मोडू देत नाही. मावळा अजून तिरका उभा आहे.